चंद्रदर्शन आणि खगोलगणित : कोकणातील शाफिई परंपरेच्या संदर्भात

रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफिई पंथाचे अनुयायी आहेत. महिन्याच्या २९ व्या दिवशी सायंकाळी चंद्रकोर दिसल्यास नवा महिना सुरू होतो. न दिसल्यास चालू महिना ३० दिवसांचा धरला जातो. हदीसने दर्शनाची अट घातली असल्याने केवळ गणितावरून महिना सुरू करता येत नाही, असे बहुसंख्य फकीहांचे मत आहे. चौदाव्या शतकातील शाफिई फकीह तकीउद्दीन सुबकी यांनी मात्र एक भेद केला : साक्ष संभाव्य असते, गणित निश्चित असते, म्हणून गणिताने अशक्य ठरविलेल्या दर्शनाची साक्ष नाकारावी. नंतरच्या अनेक शाफिई फकीहांना हे मान्य झाले नाही.

८ एप्रिल २०२४ रोजी चंद्र-सूर्य युती भारतीय वेळेनुसार रात्री ११.५१ वाजता झाली. त्या सायंकाळी रत्नागिरीत कोर दिसल्याची साक्ष कोणी दिली असती, तर सुबकींच्या निकषावर ती अग्राह्य ठरली असती. दुसऱ्या सायंकाळी, म्हणजे रमजानच्या २९ व्या दिवशी, सूर्यास्ताच्या वेळी चंद्राचे वय सुमारे १९ तास होते. आता दर्शन शक्य होते, पण निश्चित नव्हते. केरळात १० एप्रिलला, तर देशात बहुतेक ठिकाणी ११ एप्रिलला ईद झाली. सुबकींच्या मतानुसारही गणित केवळ अशक्य ते वगळते. जे शक्य आहे त्याचा निर्णय साक्षीवरच राहतो.