बांधकामावरील कामगारांचे पाणी, शौचालय आणि निवारा

तुमच्या घराचे बांधकाम सुरू असेल, तर प्लॉटवर सिमेंटसाठी एक हौद असतोच. टँकरचे पाणी त्यात पडते. गिलाव्याचा माल त्याच पाण्यात कालवतात, घमेली त्यातच धुतात, आणि बहुतेक ठिकाणी प्यायलाही तेच. शौचालय नसेल तर माणसे भिंतीआड किंवा मोकळ्या प्लॉटवर जातात. पहिला जोराचा पाऊस ती घाण हौदात आणतो.

यातून जुलाब दोन-तीन दिवसांत दिसतात. कावीळ मात्र फसवते. हिपॅटायटिस ई किंवा ए ची कावीळ दूषित पाणी प्यायल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी, कधी आणखी उशिरा उमटते. तोवर कामगार दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि पाण्यावर कुणाचा संशय जात नाही. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो.

समजा, साइटवर मुलाबाळांसह 14 जण राहतात. उन्हाळ्यात पिण्यासाठी व स्वयंपाकाला माणशी सात-आठ लिटर धरा, म्हणजे रोज साधारण 100 लिटर. यासाठी तोटीचे, झाकणाचे वेगळे पिंप ठेवा. तांब्या बुडवायला जागाच राहू नये, म्हणून तोटी हवी. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गाळात क्लोरीन वाया जाते. 20 लिटरसाठीची एक गोळी, याप्रमाणे 100 लिटरला पाच गोळ्या टाकून तासभर थांबा. (गोळीचे प्रमाण पाकिटावर तपासा.) ग्रामपंचायतीत होणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे.

शौचालयापासून पिण्याचे पाणी किमान 6 मीटर दूर असावे, असे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातच सांगितले होते. शोषखड्डा असेल तर विहीर किंवा बोअरपासून 15 मीटर तरी हवा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तुमच्या घराचे कायमचे सेप्टिक टँक आणि एक शौचालय पायाबरोबरच बांधून घेणे, म्हणजे खर्च दुप्पट होत नाही. बायकांसाठी आतून कडी, दिवा आणि बादलीभर पाणी नसेल, तर त्या दिवसभर पाणी कमी पितात. मग लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात येतात.

राहण्याची पत्र्याची खोली उंचवट्यावर, खोदकामाच्या कडेपासून आणि नव्या, आधार नसलेल्या भिंतीपासून लांब असावी. थंडीत दार लावून कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका. त्या वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

कामगाराचे डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर पिंप त्याच दिवशी रिकामे करून घासा, आणि त्याच पाण्यावर असलेल्या गरोदर बायकांना लगेच तपासून घ्या.