नव्या डाळगिरणीच्या आराखड्याचा ताळा

आपल्या व्यापारी बंधूंच्या घरची तरुण मंडळी आता वडिलोपार्जित आडत-दुकानावर समाधान न मानता डाळगिरणीसारख्या उद्योगाकडे वळू लागली आहेत. बँकेपुढे ठेवावयाचा छापील आराखडा घेऊन ती वडीलधाऱ्यांकडे येतात आणि जामीन म्हणून सही मागतात. सही करणाऱ्याचे घर व दुकान त्या कागदास बांधले जाते. यास्तव अशा आराखड्यातील किलोमागील खर्च आणि ना-नफा-ना-तोट्याचा आकडा कसा तपासावा, एवढाच विषय आम्ही येथे घेतला आहे. उदाहरण तुरीच्या डाळीचे आहे. त्यातील भाव केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ते आजचे बाजारभाव समजू नयेत.

समजा, गिरणी दिवसास २० क्विंटल तूर भरडणार आणि वर्षात २५० दिवस चालणार; म्हणजे वर्षाची शक्ती ५,००० क्विंटलांची. आराखड्यात लिहिले आहे, की एक क्विंटल तुरीस रु. ७,५०० पडतात. हमाली, वाहतूक, वीज, तेल, वाळवणीची मजुरी, बारदान आणि दलाली मिळून आणखी रु. ४५०. एकूण रु. ७,९५०. त्यातून ७५ किलो डाळ निघून ती रु. १०६ किलोने विकली जाते, म्हणजे रु. ७,९५०, आणि चुणी व फोल मिळून २० किलो, रु. १५ भावाने, म्हणजे रु. ३००. उत्पन्न रु. ८,२५०. क्विंटलमागे रु. ३०० शिल्लक राहते. गाळ्याचे भाडे, मुनीम व पगारी नोकर, विमा, यंत्रांचा घसारा आणि यंत्रांच्या कर्जावरील व्याज हा खर्च गिरणी चालो वा न चालो, वर्षाला रु. ९,००,००० आहे. त्यास ३०० ने भागले, की ३,००० क्विंटल येतात. गिरणी आपल्या शक्तीच्या ६० टक्के चालली तरी खर्च निघतो, असे पाहून बँकेचा साहेबही मान डोलावतो.

या हिशेबात बेरीज-भागाकाराची चूक एकही नाही. चूक असते ती ७५ या आकड्यात. यंत्र विकणारा जो उतारा सांगतो तो स्वच्छ केलेल्या, वाळलेल्या तुरीवरचा असतो. आपण पैसे मोजतो ते बाजारसमितीत तोललेल्या तुरीचे. तीत काडी, खडा, माती आणि ओल असते. चाळणीत व उन्हात १०० किलोंतून २ किलो गेले, तर भरडावयास ९८ किलो उरतात. त्यांचे ७५ टक्के म्हणजे ७३.५ किलो डाळ, रु. ७,७९१; चुणी-फोल १९.६ किलो, रु. २९४. उत्पन्न रु. ८,०८५ वर येते. खर्च तोच रु. ७,९५०; बारदानात पडणारा दोन-चार रुपयांचा फरक आम्ही सोडून देतो. शिल्लक राहिली रु. १३५. आता ९,००,००० भागिले १३५ केले, की ६,६६७ क्विंटल येतात. गिरणीची शक्तीच ५,००० क्विंटलांची. म्हणजे ती वर्षभर पूर्ण चालली तरी खर्च निघणार नाही.

दीड किलो डाळीच्या फरकाने एवढा अनर्थ का व्हावा? कारण उघड आहे. आठ हजारांच्या उलाढालीत हाती राहणारी शिल्लक जेमतेम तीनशेची. उताऱ्यातील घट उत्पन्नाच्या दोन टक्के दिसली, तरी ती सारी त्या तीनशेतूनच वजा होते. धान्याच्या धंद्यात ना-नफा-ना-तोट्याच्या एकाच आकड्यावर विसंबू नये; उतारा एक किलोने व दोन किलोंनी कमी धरून तो पुन्हा काढावा. तसे करता आकडा गिरणीच्या शक्तीपलीकडे जात असेल, तर तो आराखडा तितका कच्चा समजावा.

दुसरी तपासणी किलोमागील खर्चाची. आराखड्यात वर्षाचा रु. ९,००,००० खर्च पूर्ण ५,००० क्विंटलांवर वाटलेला असतो, म्हणून डाळ किलोमागे रु. १०४.४० ला पडते असे दिसते. परंतु तेलपाणी लावलेली तूर एक रात्र ठेवून नंतर दोन-चार दिवस उन्हात वाळवावी लागते. यांत्रिक वाळवणी नसेल, तर पावसाळ्यात २५० दिवसांचा नेम पाळणे कठीण. पहिल्या वर्षी ३,००० क्विंटलच भरडले गेले, तर क्विंटलवर रु. ३०० खर्च बसतो. मग ७,९५० अधिक ३००, वजा चुणी-फोलाचे २९४, म्हणजे रु. ७,९५६, त्यास ७३.५ ने भागता डाळ सुमारे रु. १०८.२४ ला पडते. विक्री रु. १०६. किलोमागे रु. २.२४ तोटा.

आता ताळा पाहावा. ३,००० क्विंटलांची डाळ २,२०,५०० किलो. तीवरील तोटा सुमारे रु. ४,९५,००० होतो. दुसऱ्या वाटेने, ३,००० गुणिले १३५ म्हणजे रु. ४,०५,०००, ते ९,००,००० तून वजा केले, तर तोच रु. ४,९५,००० चा तोटा. दोन वाटांनी एकच उत्तर आले, म्हणजे मांडणी बरोबर. आराखड्यातील किलोमागील खर्च व वर्षाचा नफा असे जुळत नसतील, तर एखादा खर्च दोनदा धरला आहे किंवा कोठे तरी सुटला आहे.

सुटणारा खर्च बहुधा गुंतलेल्या मालाच्या व्याजाचा असतो. तुरीची आवक प्रामुख्याने डिसेंबर ते मार्च. गिरणी पुढेही चालवावयाची तर माल भरून ठेवणे आले; शिवाय डाळ घेणारा दुकानदार उधारी मागतो. तुरीचे पैसे देऊन डाळीचे हाती येईपर्यंत सरासरी ६० दिवस धरले आणि व्याज दरसाल १० टक्के धरले, तर क्विंटलमागे सुमारे रु. १२३ होतात. रु. १३५ च्या शिल्लकेतून ते गेल्यावर बारा रुपये उरतात. भावही एकाच दिवसाचे घेतलेले आहेत ना, हे पाहावे. तूर सुगीतील स्वस्त भावाने आणि डाळ श्रावणातील तेजीच्या भावाने धरली, की कागदावर कोणतीही गिरणी नफ्यात दिसते.

ही शंका फेडण्याचा उपाय महाग नाही. यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी बाजारातून २० क्विंटल तूर घ्यावी आणि चालू गिरणीत मजुरीने भरडून घ्यावी. खरेदीचे, चाळणीनंतरचे व वाळवणीनंतरचे वजन स्वतः उभे राहून टिपावे. नंतर डाळ, तुकडा, चुणी, फोल वेगवेगळे तोलावे. या साऱ्यांची बेरीज कचरा व घट धरून मूळ वजनास मिळाली पाहिजे. असे दोन-तीन निरनिराळ्या गावांच्या मालावर करावे व त्यांतील सर्वांत कमी उतारा आराखड्यात घालावा.

तरीही गिरणीच काढावयाची असेल, तर प्रथम दुसऱ्यांचा माल भरडाईवर घेण्याचा हिशेब मांडावा. तेथे उतारा, भाव व व्याज यांचा भार मालधन्यावर राहतो. क्विंटलमागे मजुरी रु. ३५० आणि वीज, तेल, वाळवणी रु. १३० धरली, तर शिल्लक रु. २२० व ना-नफा-ना-तोटा सुमारे ४,०९१ क्विंटलांवर. हा आकडाही सैल नाही. पण तो गिरणीच्या शक्तीच्या आत आहे. एवढा माल देणारे आडते कोण, त्यांची नावे व प्रत्येकाचे क्विंटल लिहून आणावयास सांगावे. ती यादी ४,०९१ पर्यंत पोहोचत नसेल, तोवर जामिनाच्या कागदावर सही करू नये.