डायलिसिसचे वार आणि ऑफिसची वेळ

आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास डायलिसिस. त्यासाठी प्रत्येक वेळी रजा मागत बसू नका. एकदाच लेखी अर्ज करून कायमची सोय मागा. अर्जात आजाराची कहाणी नको, वेळापत्रक हवं: 'सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात ते अकरा उपचार, त्या दिवशी दुपारी एकपासून घरून काम.' सुया काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो, नंतर अंगात त्राण राहत नाही. म्हणून साडेअकराची मीटिंग कबूल करू नका. अनेकांचं इथेच बिनसतं. किडनीच्या डॉक्टरांचं पत्र जोडा, त्यात उपचार दीर्घकाळ चालतील हे स्पष्ट असू द्या. साहेबांनी तोंडी होकार दिला, तरी त्याच दिवशी एचआरला ईमेल पाठवून तो लेखी करून घ्या.