घर बांधण्याआधी प्लॉट किती उरतो?

2021 साली पुणे महापालिकेच्या हद्दीत 23 गावे आली, त्यांत वाघोलीही होती. अशा वाढत्या उपनगरांत गुंतवणूक म्हणून प्लॉट घेऊन ठेवलेले मालक बऱ्याचदा दुसऱ्या शहरात राहतात. त्यांच्याकडे एखाद्या आर्किटेक्टचा ई-मेल येतो: ‘तासाभरात प्लॉट पाहून, त्यावर काय बांधता येईल ते दोन पानांत कळवू.’

एवढ्या वेळात काय कळणार? बरेच कळते, फक्त आधी कागद हाताशी हवेत. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि झोन दाखला पाहिल्याशिवाय जागेवर जाऊन उपयोग नाही. तिथे गेल्यावर आर्किटेक्टची नजर आधी रस्त्याकडे जाते, कारण घराचा आकार तिथेच ठरू लागतो.

समजा, प्लॉट 30 बाय 50 फुटांचा, म्हणजे 1500 चौरस फुटांचा आहे. समोर 3 मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड मीटर मोकळी जागा सोडायची असेल, तर बांधायला एका मजल्यावर सुमारे 700 चौरस फूटच उरतात. आता समोरचा रस्ता सध्या 6 मीटरचा आहे, पण विकास आराखड्यात तो 9 मीटर दाखवला आहे, असे धरू. रुंदी दोन्हीकडून सारखी वाढली, तर प्लॉटमधून दीड मीटर पट्टी जाते. समोरची मोकळी जागा मग नव्या रेषेपासून मोजावी लागते आणि जोते 600 चौरस फुटांच्या आसपास येते. आज तारेचे कुंपण जिथे आहे तिथून माप धरणाऱ्या मालकाला हा फरक नकाशा मंजुरीच्या वेळीच कळतो.

रस्त्यानंतर पाहायचा तो पाण्याचा मार्ग. बुजलेला ओढा कागदावर दिसतो, जागेवर नाही. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पायाचा खर्च वाढतो.

तरीही या पाहणीला मर्यादा आहेत. जमिनीच्या मालकीची खात्री वकिलाने करायची असते, हद्दीची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून घ्यावी लागते आणि मातीची चाचणी प्रयोगशाळेत होते. ई-मेलमध्ये हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर आधी तेवढेच विचारावे.

आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. आर्किटेक्टांसाठी 1989 साली केलेल्या आचारनियमांत आपल्या सेवेची जाहिरात करण्यास मनाई आहे. त्यामुळे ‘आजच बुक करा, सवलत मिळवा’ असा मजकूर अनोळखी शेकडो जणांना धाडणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावे. त्याचा वास्तुकला परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. ‘सीए’ने सुरू होणारा हा क्रमांक परिषदेच्या यादीत ताडून पाहता येतो. मगच पाहणीची फी, ती पुढे कामाच्या फीमधून वजा होणार का, आणि अहवाल लेखी मिळणार का, हे ठरवून सातबारा पाठवावा.