सात सेकंदांसाठी सहा मिनिटं

व्हिडिओ किती मिनिटांचा असावा, असं ऑनलाइन शिकवणाऱ्या कुणालाही विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: सहा मिनिटं. हा आकडा हवेतून आलेला नाही. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन या तिघांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एडएक्स या व्यासपीठावर एमआयटी, हार्वर्ड आणि बर्कलीच्या चार अभ्यासक्रमांचे ८६२ व्हिडिओ होते आणि ते पाहिले गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी हाताशी होत्या. त्यांनी या व्हिडिओंचे लांबीप्रमाणे पाच कप्पे पाडले: तीन मिनिटांच्या आतले, तीन ते सहा, सहा ते नऊ, नऊ ते बारा आणि बाराच्या पुढचे. मग प्रत्येक कप्प्यातले व्हिडिओ लोक प्रत्यक्षात किती वेळ पाहतात, ते मोजलं.

व्हिडिओ कितीही लांब असो, मधल्या प्रेक्षकाचा पाहण्याचा वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. त्याहून चमत्कारिक गोष्ट शेवटच्या कप्प्यात होती. बारा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ लोक जेमतेम तीन मिनिटं पाहत होते, म्हणजे सात-आठ मिनिटांच्या व्हिडिओपेक्षाही कमी. लांबी पाहूनच मनाची तयारी होत नसावी.

पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लॅगरस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी याला हरकत घेतली आणि आपल्या निबंधाच्या शीर्षकातच सहा मिनिटांच्या नियमाला ‘मिथक’ म्हटलं. त्यांचा मुद्दा साधा होता. पहिल्या अभ्यासात एका बैठकीत किती पाहिलं, ते मोजलं होतं. पण विद्यार्थी वीस मिनिटांचं व्याख्यान आज थोडं, उद्या थोडं असंही पाहतो. बैठकांऐवजी विद्यार्थी मोजले, तर तोच माणूस बराच पुढे गेलेला दिसतो. कप्पे पाडण्याची पद्धत दोन्हीकडे पटण्यासारखी होती, पण कप्प्यात नेमकं काय मोजून टाकलं, त्यावर उत्तर फिरलं.

हीच पद्धत आज यूट्यूबवर व्हिडिओ टाकणारे लोक स्वतःच्या चॅनेलसाठी वापरतात, आणि तिथेही घोळ याच जागी होतो.

यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक किती टिकला, ते सांगणारे दोन रकाने असतात. Average view duration म्हणजे सरासरी किती वेळ पाहिलं, आणि Average percentage viewed म्हणजे व्हिडिओचा सरासरी किती टक्के भाग पाहिला. हे दोघे लांबीच्या बाबतीत नेहमी परस्परविरोधी साक्ष देतात. दोन मिनिटांचा व्हिडिओ सत्तर टक्के पाहिला जाणं अवघड नाही, त्यामुळे टक्केवारी कायम छोट्या व्हिडिओच्या बाजूने बोलते. उलट, पंधरा मिनिटांच्या व्हिडिओचा तिसरा हिस्सा पाहिला गेला तरी पाच मिनिटं होतात, म्हणून वेळेचा रकाना लांब व्हिडिओचा वकील. ज्याला जे सिद्ध करायचं आहे, त्याने तो रकाना उचलावा, असा प्रकार. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी नुसत्या क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ‘लांब करा’ हा सल्ला जोरात आहे. पण दोन्ही रकाने शेजारी ठेवल्याशिवाय हाती काही लागत नाही.

आकडे काढणं कठीण नाही. स्टुडिओच्या Advanced mode मध्ये व्हिडिओनुसार तक्ता उघडायचा, तो डाउनलोड करायचा आणि स्प्रेडशीटमध्ये घ्यायचा. शॉर्ट्स आधीच बाहेर काढायचे. ते बोटाने सरकवत पाहिले जातात, संपले की पुन्हा सुरू होतात आणि त्यांची टक्केवारी शंभराच्या वरही जाते, त्यामुळे सगळ्यात छोटा कप्पा उगाच चमकतो. गेल्या महिनाभरात टाकलेले व्हिडिओही बाजूला ठेवलेले बरे, कारण सुरुवातीला हक्काचे प्रेक्षक येतात आणि ते जास्त टिकतात. बी रकान्यात लांबी सेकंदांमध्ये आणि डी रकान्यात टक्केवारी असेल, तर चार ते सात मिनिटांच्या कप्प्याची सरासरी अशी निघते:

```
=AVERAGEIFS(D:D, B:B, ">=240", B:B, "<420")
```

आता एक उदाहरण घेऊ. चॅनेल काल्पनिक आणि आकडेही मानलेले, पण चित्र रोजच्या पाहण्यातलं आहे. समजा, मराठी पाककृतींच्या एका चॅनेलवर साठ व्हिडिओ आहेत. चार मिनिटांच्या आतले बारा, त्यांची सरासरी लांबी तीन मिनिटं आणि पाहिलेला भाग ६२ टक्के. चार ते सात मिनिटांचे एकवीस, सरासरी साडेपाच मिनिटं, ५१ टक्के. सात ते अकराचे अठरा, सरासरी नऊ मिनिटं, ४२ टक्के. अकराच्या पुढचे नऊ, सरासरी पंधरा मिनिटं, २६ टक्के.

टक्केवारी उतरत जाते, त्यात नवल नाही. तिचं मिनिटांत रूपांतर केलं की गोष्ट उलगडते. पहिल्या कप्प्यात प्रेक्षक सुमारे १ मिनिट ५२ सेकंद थांबतो, दुसऱ्यात २ मिनिटं ४८ सेकंद, तिसऱ्यात ३ मिनिटं ४७ सेकंद आणि चौथ्यात ३ मिनिटं ५४ सेकंद. म्हणजे पहिल्यावरून दुसऱ्या कप्प्यात जाताना व्हिडिओ अडीच मिनिटांनी वाढला आणि प्रेक्षकाने ५६ सेकंद जास्त दिले. दुसऱ्यावरून तिसऱ्यात साडेतीन मिनिटं वाढली, मिळाले ५९ सेकंद. तिसऱ्यावरून चौथ्यात मात्र तब्बल सहा मिनिटं जास्त चित्रीकरण, जास्त एडिटिंग, जास्त बडबड, आणि पदरात पडले सात सेकंद.

कप्प्यांचा खरा उपयोग इथे आहे. कोणता कप्पा ‘जिंकला’, याला फारसा अर्थ नाही. वाढवलेल्या मिनिटांचा मोबदला कुठे आटतो, हे पाहायचं असतं. या चॅनेलवर तो नऊ मिनिटांच्या आसपास आटतो, असं वाटतं.

वाटतं, एवढंच. कारण चौथा कप्पा उघडून आतले नऊ व्हिडिओ एकेक पाहिले, तर २६ टक्क्यांच्या जवळपास फिरकणारा एकही व्हिडिओ तिथे नाही. चार व्हिडिओ दिवाळीच्या फराळाचे आहेत: भाजणीची चकली, अनारसे, करंजी, पाकातले रव्याचे लाडू. ते सरासरी ४१ टक्के पाहिले गेले, म्हणजे सहा मिनिटांहून जास्त. उरलेले पाच बाजारहाट आणि सहलींचे. त्यांची टक्केवारी १४, म्हणजे दोन मिनिटांच्या जरा वर. दोघांची सरासरी काढली की २६ येते, आणि ती कुणाचीच नसते. अनारशाचं पीठ आंबवण्यापासून तळणीतलं जाळीदार फूल येईपर्यंत सगळं दाखवायला पंधरा मिनिटं लागतातच, आणि ज्याचे अनारसे गेल्या वर्षी तुपात विरघळले, तो ती पंधरा मिनिटं पाहतो. मंडईतल्या फेरफटक्याचं तसं नाही.

म्हणून लांबीचे कप्पे पाडण्याआधी विषयाचे कप्पे पाडावे लागतात. अडचण अशी की साठ व्हिडिओंचे आधी विषय आणि मग लांबी असे तुकडे केले की काही कप्प्यांत दोन-तीनच व्हिडिओ उरतात. अशा वेळी कप्पे कमी आणि रुंद करावेत. पाच-सहापेक्षा कमी व्हिडिओ असलेल्या कप्प्याची सरासरी एकाच व्हिडिओमुळे डोलते.

गाजलेला व्हिडिओ तर हमखास फसवतो. एखादा व्हिडिओ खूप चालला की यूट्यूब तो अनोळखी लोकांपुढे ठेवायला लागतं. ते डोकावतात, अर्ध्यात निघून जातात आणि टक्केवारी खाली येते. परिणामी चॅनेलचा सर्वांत यशस्वी व्हिडिओ रिटेन्शनच्या तक्त्यात मार खाल्लेला दिसतो, आणि तो ज्या कप्प्यात पडला असेल, तो कप्पाही बदनाम होतो. यावर उपाय म्हणजे प्रेक्षक कुठून आले, त्यानुसार आकडे वेगळे पाहणं. शोधून आलेल्यांची तुलना शोधून आलेल्यांशीच व्हावी.

कप्प्यांच्या सीमारेषा कुठे आखायच्या, यालाही एक इतिहास आहे. व्हिडिओच्या मध्ये जाहिराती लावायला यूट्यूबवर पूर्वी किमान दहा मिनिटांची अट होती. जुलै २०२० मध्ये ती आठ मिनिटांवर आली. त्यामुळे बऱ्याच चॅनेलवर दहा मिनिटं आणि काही सेकंदांच्या जुन्या व्हिडिओंची गर्दी आढळते. सात मिनिटांचा मजकूर, बाकी पाणी घालून वाढवलेला. असे व्हिडिओ एका कप्प्यात जमले की तो कप्पा पडतो, आणि दोष मात्र दहा मिनिटांवर येतो. संशय असेल तर रिटेन्शनचा आलेख उघडावा. पाणी घातलेल्या व्हिडिओत रेषा ठरावीक जागी खाली कोसळते आणि प्रेक्षक पुढे सरकवून पोहोचतात, तिथे पुन्हा उंचवटा दिसतो. लांबीच अंगावर आली असेल, तर उतार संथ आणि अखंड असतो. पहिल्या तीस सेकंदांतच निम्मे लोक गेले असतील, तर आधी सुरुवात तपासावी. क्लिक करण्याआधी थंबनेलच्या कोपऱ्यात लांबी सगळ्यांनी पाहिलेली असते. जे आत आले, ते ती मान्य करूनच आले होते.

एवढं करूनही हाती येतो तो अंदाजच, कारण जुने व्हिडिओ कुणी प्रयोग म्हणून बनवलेले नसतात. कुठला विषय किती लांब करायचा, हे बनवणाऱ्यानेच तेव्हा ठरवलेलं असतं. आपल्या उदाहरणातल्या चॅनेलला बाजारहाटीच्या व्हिडिओंची खात्री करायची असेल, तर पुढचे बारा व्हिडिओ त्याच विषयाचे, आळीपाळीने सहा मिनिटांचे आणि बारा मिनिटांचे, टाकून पाहता येतील. दिवस आणि वेळ तीच ठेवायची, आणि प्रत्येकाचे पहिल्या २८ दिवसांचेच आकडे घ्यायचे. बारा मिनिटांचे व्हिडिओ लोक सरासरी साडेतीन मिनिटं पाहत असतील आणि सहा मिनिटांचे तीन मिनिटं वीस सेकंद, तर सहा-सहा व्हिडिओंमधला हा दहा सेकंदांचा फरक योगायोगही असू शकतो. तो खरा निघाला तरी दहा सेकंदांसाठी सहा मिनिटं जास्त एडिट करायची का, हे त्या चॅनेलवाल्याने आपल्या रात्रींचा हिशेब मांडून ठरवायचं.