अर्धा चमचा मीठ, पण लिटरभर पाण्यात

तान्ह्या मुलाला जुलाब लागले आणि घरात ओआरएसची पुडी नसली, तर साखर-मिठाचं पाणी करतात. प्रमाण ठरलेलं आहे: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पण मूल कितीसं पिणार, म्हणून पाणी पेलाभरच घेतलं जातं आणि साखर-मीठ मात्र लिटरचं पडतं.

लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं. ते सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण जोडीनेच आत घेतं. त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. याच आधारावर १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीचे असंख्य रुग्ण मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून वाचवले.

पण पाणी नेहमी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. वरच्या प्रमाणात केलेलं पाणी रक्ताहून दाट नसतं, म्हणून ते आतड्यातून शरीरात शिरतं. तीच साखर आणि तेच मीठ २०० मिलिलिटरच्या पेल्यात घातलं, तर द्रावण पाचपट दाट होतं. एवढी साखर आतड्याला शोषता येत नाही. ती तिथेच राहून शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

मिठाचा धोका याहून मोठा. रक्तात लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम असतं. या पेल्यात ते २५०च्या आसपास जातं. तान्ह्याची मूत्रपिंडं जादा मीठ झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तातलं सोडियम चढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर येतं. मूल पाण्यासाठी कासावीस होतं, किरकिरतं, मग सुस्तावतं, झटकेही येतात. पेशींतलं पाणी रक्तात आल्यामुळे डोळे फारसे खोल दिसत नाहीत, चिमटा घेतलेली कातडी लवकर सपाट होते, आणि शोष आहे त्यापेक्षा कमी वाटतो.

म्हणून आधी लिटरची बाटली भरून पाणी मोजावं. चमच्यावरची शीग सुरीच्या पाठीने सपाट करावी. मुलाला देण्याआधी स्वतः चाखावं. अश्रूंहून खारट लागलं तर ओतून टाकावं आणि नव्याने करावं. उरलेलं पाणी २४ तासांनंतर वापरू नये. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. ओआरएसमध्ये पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं, त्यामुळे पुडी मिळताच तीच द्यावी. ती किती पाण्यासाठी आहे, हे मात्र आधी वाचावं.

शौचात रक्त, लघवी बंद, पिणं थांबलेलं, सुस्ती किंवा झटके दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. तिथे घरी किती पाण्यात किती मीठ घातलं होतं, हे न लपवता सांगावं. चढलेलं सोडियम सावकाश उतरवावं लागतं. घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येते.