तपासणी फक्त सुनेचीच का?

बचत गटाची बैठक संपली, तरी आमच्या कारध्याची एक सून मागे रेंगाळली. "काकू, दोष माझाच असन का हो?" ती अठ्ठावीसची, नवरा त्रेचाळीसचा. तिच्या तीन तपासण्या झालेल्या, त्याची एकही नाही. "पुरुषाले कोनतं वय!" असं सासूबाईंचं म्हणणं.

मैत्रिणींनो, वय पुरुषालाही असतं. बाईची बीजं जन्मापासून तिच्यासोबत असतात, पुरुषाची मात्र रोज नवी तयार होतात, जशी नकलेवरून नक्कल. वर्षं सरतात तशा नकलेतल्या चुका साचतात. आइसलंडमध्ये २०१२ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की बापाच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल वाढतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, क्वचित एखाद्यामुळे खुजेपणासारखा आजार होतो. म्हणजे धोका वाढतो, पण एकंदरीत कमीच राहतो. चाळिशीनंतर शुक्रजंतूंची चालही मंदावते, त्यामुळे दिवस राहायला वेळ लागतो.

तपासणी सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा, तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. नकलेतल्या चुका मात्र या अहवालात दिसत नाहीत.

शेवटी नवरा भंडाऱ्याला गेला. चाल मंद निघाली. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टरांनी खर्रा सोडून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. सासूबाई सध्या खर्ऱ्याच्या पुड्या शोधून फेकतात, सुनेला मात्र काही बोलत नाहीत.